बॉक्साइट कसं तयार होतं आणि ॲल्युमिनियम त्यातूनच का काढतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲल्युमिनियम तर साध्या मातीतही असतं. मग बॉक्साइटच का लागतं?

भूकवचाच्या वजनात ॲल्युमिनियमचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. ऑक्सिजन आणि सिलिकॉन सोडले तर याच्याइतकं दुसरं मूलद्रव्य कवचात नाही, आणि धातूंमध्ये तर हा पहिलाच. ग्रॅनाइट, बेसाल्ट, शेल, चिकणमाती, कुठलाही खडक किंवा माती उचला, त्यात ॲल्युमिनियम सापडेलच.

अडचण प्रमाणाची नाही, सोबतीची आहे. या सगळ्या खडकांत ॲल्युमिनियम सिलिकाशी, म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडशी, घट्ट जोडलेलं असतं आणि ती जोडी तोडायला फार खर्च येतो. बॉक्साइटमध्ये ती आधीच तुटलेली असते. उष्ण आणि ओल्या हवामानात पावसाच्या पाण्याने लाखो वर्षं खडकातली सिलिका धुऊन नेलेली असते आणि मागे ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं उरलेली असतात. म्हणून बॉक्साइटकडे बघताना पहिला प्रश्न त्यात ॲल्युमिनियम किती आहे हा नसतो. त्यातून सिलिका किती गेली, हा असतो. पुढची जवळपास सगळी उत्तरं या एका मुद्द्याभोवती फिरतात.

बॉक्साइट हे एक खनिज आहे का?

नाही, तो अनेक खनिजांचं मिश्रण असलेला खडक आहे. त्यात ॲल्युमिनियम मुख्यतः तीन खनिजांत असतं: गिब्साइट, बोहमाइट आणि डायास्पोर. गिब्साइटमध्ये पाण्याचा अंश जास्त असतो. शुद्ध गिब्साइटमध्ये ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, सुमारे ६५ टक्के भरतं. बोहमाइट आणि डायास्पोरमध्ये पाणी कमी, म्हणून ॲल्युमिना ८५ टक्के. तरुण, उष्णकटिबंधीय साठ्यांत गिब्साइटचं राज्य असतं. जुन्या, गाडल्या गेलेल्या आणि दाब-उष्णता सोसलेल्या साठ्यांत बाकीची दोन वाढतात.

यांच्या जोडीला लोहाची ऑक्साइडं (हेमॅटाइट, गोथाइट), टायटॅनियमची खनिजं, थोडी केओलिन माती आणि कधी क्वार्ट्झचे दाणे असतात. १८२१ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला ले बो गावाजवळ पिएर बेर्तिए यांनी या पदार्थाचं पृथक्करण केलं.

पाणी सिलिका नेतं आणि ॲल्युमिनियम सोडून जातं, असं का?

याचं उत्तर विद्राव्यतेत आहे. जमिनीत मुरणारं पाणी सहसा किंचित आम्लधर्मी असतं. पावसात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतोच, आणि कुजणारा पालापाचोळा व मुळांचा श्वास त्यात भर घालतात. सामू साधारण ५ ते ७ च्या मध्ये राहतो. नेमक्या याच पट्ट्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची विद्राव्यता सगळ्यात कमी असते. सामू ४ च्या खाली घसरला तर ॲल्युमिनियम विरघळून वाहू लागतं, आणि ८-९ च्या वर गेला तरी तेच. मधल्या पट्ट्यात मात्र ते खडकातून सुटल्या सुटल्या हायड्रॉक्साइड किंवा माती बनून जागेवरच बसतं.

सिलिकाला या सामूच्या चढउताराचं काही वाटत नाही. सामू ९ च्या खाली कितीही असला तरी ती थोडी थोडी विरघळत राहते: लिटरमागे काही मिलिग्रॅम ते काही दहा मिलिग्रॅम. प्रमाण किरकोळ वाटतं, पण पाणी थांबत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर त्याआधीच निघून गेलेले असतात, कारण ते सहज विरघळतात.

लोह ॲल्युमिनियमसारखंच मागे राहतं, कारण हवा खेळत असलेल्या जमिनीत त्याचं ऑक्साइड विरघळत नाही. बॉक्साइट बहुधा लाल-तांबडं दिसतं ते म्हणूनच.

फेल्डस्पारपासून गिब्साइटपर्यंतच्या पायऱ्या कोणत्या?

मुख्य पायऱ्या दोन. पहिलीत ग्रॅनाइट-बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या मुख्य खनिजाचं केओलिनाइट होतं, म्हणजे चिनी मातीतलं खनिज. पोटॅशियम जातं आणि सिलिकाचा मोठा हिस्सा जातो:

`2KAlSi3O8 + 2H+ + 9H2O → Al2Si2O5(OH)4 + 4H4SiO4 + 2K+`

दुसरीत केओलिनाइटमधली उरलेली सिलिकाही जाते आणि गिब्साइट राहतं:

`Al2Si2O5(OH)4 + 5H2O → 2Al(OH)3 + 2H4SiO4`

पहिली पायरी जगभर घडते, थंड प्रदेशांतही. दुसरी फार थोड्या ठिकाणी पूर्ण होते. केओलिनाइट तुटून गिब्साइट व्हायचं असेल तर भोवतीच्या पाण्यात विरघळलेली सिलिका लिटरमागे साधारण १ ते २ मिलिग्रॅमच्याही खाली असावी लागते. त्याहून जास्त असली तर केओलिनाइट टिकून राहतं. म्हणजे दुसऱ्या पायरीसाठी पाणी जवळजवळ कोरं हवं, आणि ते सिलिका घेऊन पुढे सरकलं की मागून पुन्हा कोरं पाणी यायला हवं.

क्वचित फेल्डस्पारचं थेट गिब्साइटही होतं. निचरा फारच उत्तम असेल तर सिलिका इतकी पटकन निघून जाते की मधे माती तयार व्हायला अवसरच मिळत नाही. अशा बॉक्साइटमध्ये मूळ खडकाची वीण जशीच्या तशी दिसते: फेल्डस्पारच्या स्फटिकाचा आकार कायम, पण आत सच्छिद्र पांढरं गिब्साइट. भिंगाखाली असा तुकडा पाहिला की जागच्या जागी घडलेला बदल डोळ्यांना दिसतो.

म्हणजे भरपूर पाऊस आणि ऊन असलं की बॉक्साइट होतं?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. पाऊस आणि उष्णता लागतातच: वर्षाला १,२०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि २० अंश सेल्सियसच्या वरचं सरासरी तापमान, असा ढोबळ अंदाज धरतात. पण सपाट, पाणथळ जमिनीवर कितीही पाऊस पडला तरी बॉक्साइट होत नाही. तिथे पाणी साचून राहतं, सिलिकाने भारतं, आणि विदारण केओलिनाइटवरच थांबतं.

पाणी वरून आत आणि आतून बाहेर असं सतत जायला हवं. त्यासाठी भूजलपातळी खोल असावी लागते. म्हणून चांगले साठे पठारांच्या माथ्यावर आणि त्यांच्या कडांजवळ सापडतात, जिथे शेजारच्या दऱ्या पाणी खेचून घेतात. आणि त्याच वेळी पठाराचा माथा इतका सपाटही हवा की तयार होणारा थर वाहून जाऊ नये. उतार तीव्र असेल तर विदारण पूर्ण होण्याआधीच माती धुपून जाते. उतारच नसेल तर निचरा होत नाही. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. बॉक्साइट दुर्मीळ असण्याचं खरं कारण, माझ्या मते, हवामानापेक्षा हेच आहे.

कोरड्या ऋतूचाही उपयोग होतो. पावसाळ्यात सिलिका वाहून जाते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते, हवा आत शिरते, आणि लोह व ॲल्युमिनियमचे कण घट्ट होऊन गोट्या आणि कवचं तयार होतात. अशा कवचाने माथा झाकला की खालचा थर धुपेपासून वाचतो.

एका घनमीटर बेसाल्टमधून किती बॉक्साइट मिळेल?

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एक घनमीटर बेसाल्टचं वजन सुमारे २,९०० किलो. त्यात सिलिका ५० टक्के, ॲल्युमिना १५ टक्के, लोह ऑक्साइड १२ टक्के आणि टायटॅनियम ऑक्साइड २ टक्के धरू. बाकी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे.

म्हणजे १,४५० किलो सिलिका, ४३५ किलो ॲल्युमिना, सुमारे ३५० किलो लोह ऑक्साइड आणि ५८ किलो टायटॅनियम ऑक्साइड. आता असं मानू की सिलिका आणि इतर विद्राव्य घटक पूर्ण गेले आणि हे तीन जागेवर राहिले. ४३५ किलो ॲल्युमिना पाणी धरून गिब्साइट बनलं की त्याचं वजन ६६५ किलो होतं. त्यात लोह आणि टायटॅनियम मिळवले की एकूण सुमारे १,०७० किलो.

याचा अर्थ २,९०० किलो खडकातून जेमतेम १,०७० किलो उरले, आणि त्यात ॲल्युमिनाचं प्रमाण १५ वरून सुमारे ४१ टक्क्यांवर गेलं. ॲल्युमिनियम बाहेरून एक ग्रॅमही आलं नाही. बाकीचं गेल्यामुळे त्याचा टक्का वाढला. लोहही सोबत राहिल्यामुळे ४१ च्या फार वर जाता येत नाही. त्याहून उंच प्रत हवी असेल तर लोहालाही वाट मिळायला हवी, किंवा मूळ खडकात ते कमी असायला हवं.

आणि याला वेळ किती लागतो?

तोच हिशेब पुढे नेऊ. वर्षाला २ मीटर पाऊस पडतो, त्यातला निम्मा बाष्पीभवनाने आणि झाडांतून परत जातो, आणि १ मीटर जमिनीत मुरून वाहतो असं धरू. म्हणजे दर चौरस मीटरमागे वर्षाला १,००० लिटर पाणी. हे पाणी लिटरमागे सरासरी १० मिलिग्रॅम सिलिका नेत असेल तर वर्षाला १० ग्रॅम जाते. १,४५० किलो जायला १,४५,००० वर्षं लागतील.

उरलेल्या बॉक्साइटची घनता घनमीटरला १.८ टन धरली तर एक मीटर बेसाल्टमागे सुमारे ६० सेंटिमीटर बॉक्साइट मिळतं. १० मीटर जाडीच्या थराला सुमारे १७ मीटर बेसाल्ट लागेल, म्हणजे जवळपास २५ लाख वर्षं. प्रत्यक्षात वेग बदलत राहतो. सुरुवातीला ताज्या खडकातून सिलिका जास्त निघते, आणि शेवटच्या टप्प्यात पाण्यात तिचं प्रमाण अगदी कमी झालेलं असतं, त्यामुळे अखेरचा हिस्सा सगळ्यात सावकाश जातो. हिशेबातून घ्यायची ती परिमाणाची कल्पना: लाखो ते काही दशलक्ष वर्षं, आणि तेवढा काळ भूभाग फारसा उचलला न जाता, न खचता, न धुपता राहिला पाहिजे. म्हणूनच मोठे साठे पश्चिम आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत अशा जुन्या आणि स्थिर भूखंडांवर आहेत. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या गिनी देशात आहेत.

जांभा आणि बॉक्साइट यांत फरक काय?

दोघेही एकाच प्रक्रियेची अपत्यं आहेत, आणि अनेकदा एकाच खड्ड्यात वरखाली भेटतात. जांभ्यात लोहाचा वाटा मोठा आणि केओलिन बरीच शिल्लक असते. ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं पुरेशी वाढली आणि सिलिका पुरेशी उतरली की त्याच खडकाला बॉक्साइट म्हणतात. सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही. ती कारखान्याला काय परवडतं यावर ठरते, आणि काळानुसार सरकते.

खाणीत वरून खाली काय दिसतं?

वर थोडी माती, मग बहुधा लोहाचं कठीण कवच, त्याखाली बॉक्साइट, त्याखाली फिकट रंगाची केओलिन माती, मग कुजलेला पण मूळची वीण राखलेला खडक आणि शेवटी ताजा खडक. बॉक्साइटकडून मातीकडे जाताना रेषा सरळ नसते. मातीची बोटं वर घुसलेली असतात, आणि खोदताना यंत्राचा पंजा हातभर जरी खोल गेला तरी सिलिकाचं प्रमाण झटकन चढतं. खाणीतलं निम्मं कौशल्य हा तळ चुकवण्यात आहे.

नुसतं पाहून बॉक्साइट ओळखता येतं का?

रंगावर अजिबात जाऊ नये. तो फक्त लोह सांगतो. दलदलीतलं, कुजक्या पाल्यातून झिरपणारं, प्राणवायू नसलेलं पाणी लोहाला विरघळवून नेऊ शकतं. तिथे पांढुरकं बॉक्साइट मिळतं, आणि ते केओलिन मातीसारखंच दिसतं. वाटाण्याएवढ्या गोट्याही खात्रीचा पुरावा नाहीत, कारण निव्वळ लोहाच्या गोट्याही तशाच असतात.

मैदानात एक जुनी खूण आहे: कोरड्या तुकड्याला जीभ लावली आणि तो चिकटला तर माती जास्त असल्याचा संशय घ्यावा. ही फक्त पहिली चाळणी. प्रयोगशाळेत तापवून वजनघट पाहतात. गिब्साइट ३०० अंशांच्या आसपास आपलं पाणी सोडतं आणि पूर्ण तापवल्यावर त्याचं वजन सुमारे ३५ टक्क्यांनी घटतं. केओलिनाइट ५०० अंशांच्या आसपास पाणी सोडतं आणि घट जेमतेम १४ टक्के भरते. क्ष-किरण विवर्तनाने खनिजं थेट ओळखता येतात. खरेदीदार मात्र यापुढे जाऊन दोन आकडे मागतो: कॉस्टिक सोड्यात प्रत्यक्ष विरघळणारं ॲल्युमिना किती आणि अभिक्रियाशील सिलिका किती.

अभिक्रियाशील सिलिका म्हणजे काय, आणि तिची एवढी धास्ती का?

बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढायची पद्धत ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ कार्ल बायर यांनी १८८७-८८ च्या सुमारास बसवली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. दळलेलं बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवतात. गिब्साइट सुमारे १४५ अंशांना विरघळतं. बोहमाइटला २४० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. लोह आणि टायटॅनियम न विरघळता गाळात राहतात. द्रव गाळून, थंड करून त्यात गिब्साइटचं बियाणं टाकलं की शुद्ध गिब्साइटचे स्फटिक बसतात. ते १,००० अंशांच्या आसपास भाजले की पांढरं ॲल्युमिना मिळतं आणि सोडा परत वापरता येतो. निसर्गाने ज्या गुणामुळे ॲल्युमिनियम जागेवर ठेवलं, त्याच्याच दुसऱ्या बाजूचा इथे उपयोग होतो: मध्यम सामूला ते विरघळत नाही, पण तीव्र अल्कलीत सहज विरघळतं.

आता यात केओलिन असेल तर? तीही विरघळते. पण तिच्यातली सिलिका द्रवात राहत नाही. सोडियम आणि ॲल्युमिनियमला सोबत घेऊन सोडालाइटसारखा घन पदार्थ बनवून गाळात बसते. १ किलो सिलिका जाताना सुमारे ०.८५ किलो ॲल्युमिना आणि ०.९ किलो कॉस्टिक सोडा घेऊन जाते.

हा हिशेब निव्वळ चिनी मातीला लावून बघा. एक टन शुद्ध केओलिनाइटमध्ये ३९५ किलो ॲल्युमिना आणि ४६५ किलो सिलिका असते. ४६५ ला ०.८५ ने गुणलं की येतात ३९५. म्हणजे मातीतलं सगळंच्या सगळं ॲल्युमिना गाळात गेलं, वर चारशे किलोहून जास्त सोडाही गेला, आणि हाती शून्य. ४० टक्के ॲल्युमिना असलेली माती आणि ४० टक्के ॲल्युमिना असलेलं बॉक्साइट यांत हा फरक आहे. ॲल्युमिनियम मातीतून न काढता बॉक्साइटमधून का काढतात, याचं याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

मग कमी प्रतीचं बॉक्साइटही परवडू शकतं का?

हो, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातली डार्लिंग रेंज याचं उत्तम उदाहरण आहे. तिथल्या बॉक्साइटमध्ये काढता येण्यासारखं ॲल्युमिना जेमतेम २७ ते ३० टक्के असतं. तरीही तिथे अनेक दशकं मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालं. कारण मूळ खडक बराचसा ग्रॅनाइट. त्यातली उरलेली सिलिका मुख्यतः क्वार्ट्झच्या दाण्यांत आहे, आणि १४५ अंशांना क्वार्ट्झ सोड्याला फारसा दाद देत नाही. अभिक्रियाशील सिलिका १ ते २ टक्केच.

आकड्यांत पाहू. २८ टक्के ॲल्युमिना आणि १.५ टक्के अभिक्रियाशील सिलिका असेल तर एक टन ॲल्युमिन्याला सुमारे ३.६ टन बॉक्साइट लागतं, त्यासोबत ५४ किलो सिलिका येते आणि सुमारे ४८ किलो सोडा खाते. दुसरीकडे ४५ टक्के ॲल्युमिना आणि ६ टक्के अभिक्रियाशील सिलिका असलेलं ‘उंच’ बॉक्साइट घ्या. ते २.२ टनच लागेल, पण सिलिका १३३ किलो आणि सोडा सुमारे १२० किलो. फक्त टक्का बघून निवड करणारा इथे फसतो. डार्लिंग रेंजच्या बॉक्साइटला खाणीजवळच कारखाना लागतो, कारण इतका फुकटचा दगड दूर वाहून नेणं परवडत नाही.

हेच बॉक्साइट बोहमाइटचं असतं तर ही सोय गेली असती. २४० अंशांना क्वार्ट्झही विरघळू लागतं.

एकदा तयार झालेलं बॉक्साइट बिघडतं का?

बिघडतं. वर दिलेली दुसरी अभिक्रिया उलटीही चालते. भूभाग खचला, भूजल वर आलं किंवा वरून सिलिकायुक्त गाळ येऊन बसला, तर गिब्साइट सिलिका परत घेऊन पुन्हा केओलिनाइट बनतं. भेगांच्या कडेने पांढरी माती भरलेली दिसली तर हा संशय घेतात. झाडंही सिलिका मुळांवाटे वर आणून पानगळीतून वरच्या थराला परत देतात, म्हणून कधी सर्वांत वरच्या थरातच सिलिका जास्त आढळते.

चुनखडीवरही बॉक्साइट सापडतं. चुनखडीत तर ॲल्युमिनियम नसतंच?

जवळजवळ नसतंच. जमैका, ग्रीस, हंगेरी, दक्षिण फ्रान्स इथले साठे चुनखडीच्या खळग्यांत आहेत. तिथे ॲल्युमिनियम बहुधा वाहून आलेल्या मातीतून किंवा ज्वालामुखीच्या राखेतून आलं. चुनखडीचं काम निचऱ्याचं: तिच्या भेगांतून आणि विवरांतून पाणी झपाट्याने खाली जातं. जगातलं बहुतेक बॉक्साइट मात्र जांभ्याच्या जातीचं, सिलिकेट खडकांवर जागच्या जागी झालेलं आहे.

बॉक्साइटशिवाय ॲल्युमिनियम कुणी काढतं का?

रशियात नेफेलिन या खनिजापासून ॲल्युमिना काढतात. चुनखडीसोबत भट्टीत भाजून सिलिकाला कॅल्शियमशी बांधून टाकतात. ऊर्जा खूप लागते, आणि सोबत मिळणारं सिमेंट, सोडा व पोटॅश विकले तरच गणित बसतं. पावसाने लाखो वर्षांत केलेलं काम इथे भट्टीला काही तासांत करावं लागतं, आणि इंधनाचा खर्च त्याचाच.

कारखान्यातून एवढा लाल गाळ का निघतो?

ढोबळमानाने ४ ते ५ टन बॉक्साइटमधून २ टन ॲल्युमिना आणि त्यातून १ टन ॲल्युमिनियम मिळतं. उरलेला गाळ म्हणजे विदारणात ॲल्युमिनियमसोबत मागे राहिलेलं लोह आणि टायटॅनियम, न विरघळलेलं क्वार्ट्झ आणि कारखान्यातच बनलेलं सोडालाइट. लोहाचा धोका नाही. धोका आहे त्यात अडकून राहिलेल्या सोड्याचा. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत अयका इथल्या गाळतलावाचा बांध फुटला, तेव्हा १० जणांचा जीव गेला आणि अनेकांना अल्कलीने भाजलं. आता बऱ्याच ठिकाणी गाळ पातळ साठवण्याऐवजी दाबाने गाळून, पाणी काढून, कोरडा रचतात. त्यामुळे बांधावरचा भार कमी होतो आणि सोडाही परत मिळतो.